लिंक ठेवलीत का?

डॉक्टरांच्या मुलाचा सकाळीच फोन आला. "मॅडम, व्हिडिओ उडाला! रात्री आम्ही सगळ्यांनी मिळून रिपोर्ट केला." मी विचारलं, "लिंक ठेवलीत का?" पलीकडे शांतता.

डॉक्टर आमच्या तालुक्यातले, हाडांचे. यूट्यूबवरच्या त्या बनावट व्हिडिओत ते गुडघ्याचं तेल विकत होते. "गोळ्या बंद करा, हे लावा." चेहरा त्यांचा, आवाज त्यांचा, शब्द मात्र त्यांचे नाहीत. त्यांच्या एका पेशंट आजींनी ते ऐकून गोळ्या खरंच बंद केल्या होत्या.

हातात उरलं होतं एक व्हॉट्सॲप फॉरवर्ड आणि वरून कापलेला स्क्रीनशॉट. फॉरवर्डवरून व्हिडिओ मुळात कुठून आला ते कळत नाही. शिवाय व्हॉट्सॲप फाइल दाबून लहान करतं, म्हणजे ती मूळ फाइलही नव्हे. व्हिडिओ काढला तरी कंपनीला तो आणि त्यामागची माहिती तपासासाठी १८० दिवस जपावी लागते, तसा २०२१चा नियमच आहे. पण पोलिसांनी मागायचं कशाच्या आधारे? लोक घाईने रिपोर्ट करतात आणि नेमका पत्ताच पुसून बसतात, याचा मला दर वेळी त्रास होतो.

शेवटी दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर लिंक सापडली. कुणीतरी व्हिडिओऐवजी तीच टाकली होती. व्हिडिओ गेला होता, पण यूट्यूबच्या नोटिफिकेशनमुळे तिच्या फोनवर चॅनलचं नावही मिळालं. चॅनल जिवंत होता, आणि त्यावर डॉक्टरांचा दुसरा व्हिडिओ!

या वेळी आधी पुरावा. चॅनलचं नाव केव्हाही बदलता येतं, म्हणून `UC`ने सुरू होणारा चॅनल आयडी उतरवला. ॲड्रेस बारपासून सुरुवात करून संपूर्ण व्हिडिओ, तारीख, वर्णनातला ऑर्डरचा मोबाइल नंबर, सगळं एका सलग स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये घेतलं. मग त्या फाइलचा हॅश, म्हणजे जणू फाइलच्या बोटाचा ठसा, काढला:

```
certutil -hashfile rec.mp4 SHA256
```

डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३च्या प्रमाणपत्रात हा हॅश लिहावा लागतो. पुढे फाइलमध्ये तसूभर बदल झाला तरी तो जुळत नाही.

सगळ्यात मोलाचा पुरावा डॉक्टरांनीच दिला: त्यांचं जुनं आरोग्य शिबिरातलं भाषण. तोच शर्ट, मागे तोच फ्लेक्स, हातवारेही तेच. दोन्ही व्हिडिओ शेजारी लावले. हात तोंडासमोरून जाताना खोट्या व्हिडिओतले ओठ क्षणभर बोटांवर उमटत होते. एवढं झाल्यावर cybercrime.gov.in वर तक्रार केली, पोचक्रमांक घेतला आणि मगच यूट्यूबला रिपोर्ट केला. सगळं मिळून चाळीस मिनिटं.

त्या चाळीस मिनिटांत आणखी कुणी गोळ्या सोडल्या असतील का, हे अजून डोक्यातून जात नाही.

आजींचा जबाब बाकी आहे. त्या म्हणतात, "डॉक्टरांवर केस होणार असेल, तर मी काही बोलायची नाही."