उकडा तांदूळ घरी केला, अडलं ते गिरणीत

भात भिजवणं आणि उकडणं यात मोठंसं काही नाही, आमच्या सिंधुदुर्गात कितीतरी घरांत ते अजून होतं. रात्री गरम पाण्यात भात घातलं, वर तरंगणारं पळंज काढून टाकलं, सकाळी पाणी बदलून वाफ दिली, आणि साल किंचित फाटायला लागल्यावर चूल विझवली. झालं. डोकं फिरलं ते पुढे, गिरणीत.

खळ्यात ताडपत्रीवर वाळवलेलं भात हाताला खडखडीत लागत होतं. गिरणीवाल्यांनी एक दाणा सोलून दाताखाली धरला आणि म्हणाले, "ओलां आसा. सुकवन हाडा." का, कसं, किती, काही नाही. पोती परत रिक्षात. पुन्हा वाळवून नेलं तर म्हणे, आज सुरय म्हणजे न उकडलेल्या भाताची पाळी, उकड्याचा वार वेगळा. असा वेगळा वार असतो हे दारावर खडूने लिहायला काय जातं? त्या वारी गेले तर वीज गेलेली. ती येईपर्यंत बाकावर बसले, तेव्हा कुठे त्यांच्याकडून एकेक कारण निघालं.

वाफवलेल्या दाण्यात जवळजवळ एक तृतीयांश पाणी असतं. उन्हात वरचा थर भरभर वाळतो, पोटातलं पाणी मागे राहतं. हाताला कळतं ते सालीचं, दाण्याचं नव्हे. दाताखाली कट्‌ करून तुटला तर वाळला, चेपला तर ओला. पण सलग कडक उन्हात टाकणं त्याहून वाईट, कारण शेवटच्या टप्प्यात दाण्याला आतून चिरा पडतात आणि गिरणीत कणी होते. म्हणून अर्धवट वाळलं की ढीग करून रात्रभर झाकायचं, म्हणजे आतला ओलावा बाहेर सरकतो, आणि मग दुसऱ्या दिवशी मवाळ उन्हात उरलेलं वाळवायचं. साधारण 14 टक्के ओलावा राहिला की गिरणीला चालतं. वेगळ्या वाराचं कारणही खरं आहे: उकड्याचा कोंडा तेलकट आणि चिकट, जाळी तुंबवतो. ही माहिती पहिल्याच दिवशी दोन वाक्यांत देता आली असती, एवढंच माझं म्हणणं.

हो, एक राहिलंच. उकडून झाल्यावर एखादा दाणा सोलून उजेडाकडे धरा. पूर्ण उकडला असेल तर काचेसारखा आरपार दिसतो. पोटात पांढरा ठिपका दिसला तर भिजवण कमी पडली, पाणी मध्यापर्यंत पोचलं नाही. वाफेत दाण्यातला स्टार्च फुगून एकजीव होतो आणि आधीच्या बारीक चिरा सांधल्या जातात. म्हणून नीट वाळवलेला उकडा सुरयपेक्षा कमी तुटतो आणि शिजायला जास्त वेळ घेतो.

आता जाऊबाईंचा प्रश्न: "एवढा खटाटोप कशाला, तांदूळ तो तांदूळच ना?" स्टार्च आणि प्रथिनं यांपुरतं त्यांचं खरं आहे, फारसा फरक नाही. फरक आहे तो ब जीवनसत्त्वांत, मुख्यतः ब-1 म्हणजे थायमिनमध्ये. ते दाण्याच्या बाहेरच्या थरात आणि अंकुरात असतं. सुरय तांदूळ पॉलिश केला की कोंड्याबरोबर निघून जातं. भिजवताना आणि वाफेत ते पाण्यात विरघळून थोडं आत सरकतं, म्हणून पॉलिशनंतरही उकड्यात सुरयच्या साधारण तिप्पट उरतं. क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात विल्यम फ्लेचर यांनी रुग्णांचे दोन गट करून एकाला सुरय, दुसऱ्याला उकडा तांदूळ दिला होता. 1907 साली छापलेल्या त्यांच्या निष्कर्षांत ब-1 कमी पडल्याने होणारा बेरीबेरी हा रोग सुरयवाल्या गटात पसरला, उकड्याच्या गटात जवळपास नव्हता. तेव्हा जीवनसत्त्व हा शब्दही नव्हता. जाऊबाई गप्प झाल्या, मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण उकडा म्हणजे हातसडीचा नव्हे. न पॉलिश केलेल्या तांदळात ब-1 आणि तंतू आणखी जास्त असतात. म्हणून गिरणीत आधीच सांगा, "एकदाच फिरवा, पांढरा नको." उकडा दाणा कडक असल्यामुळे मशीनचा दाब वाढवायची त्यांना सवय असते. आणि शिजवताना वरचं पाणी ओतून देऊ नका, कारण ब-1 पाण्यात विरघळतं. पेज करून पाण्यासकट प्यायली तर ते पोटातच जातं. तांदूळ दहा पाण्यांनी चोळून धुणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

कोंडा मात्र गिरणीत सोडू नका, मागून घ्या. आमची म्हैस त्यासाठी वाट बघत असते, आणि गिरणीवाले न मागता देत नाहीत.