पदग्रहणाच्या भाषणाची सात मिनिटे: माझा अनुभव

रोटरीचे वर्ष १ जुलैला सुरू होते, पण त्या वर्षाचा अध्यक्ष सुमारे दीड वर्ष आधीच निवडला जातो. त्यामुळे आमच्या तालुक्याच्या गावातील क्लबच्या पदग्रहण समारंभासाठी भाषणाची तयारी करायला मला भरपूर वेळ मिळाला होता. तरीही पहिला मसुदा घरी मोठ्याने वाचला तेव्हा त्याला अकरा मिनिटे लागली आणि कार्यक्रमपत्रिकेत माझ्यासाठी सातच मिनिटे होती.

निम्मा वेळ आभारातच जात होता. मंचावरील पाहुण्यांची नावे सूत्रसंचालक आधीच घेणार होते, म्हणून ती मी वगळली आणि तिघांचेच आभार नेमक्या कारणासह मानायचे ठरवले. दीड वर्ष आमच्याकडील सभांच्या वेळा सांभाळून घेणारे घरचे लोक, मला हिशेबवही वाचायला शिकवणारे माजी खजिनदार आणि मावळते अध्यक्ष.

"मी या पदाला पात्र नाही" हे वाक्य मात्र एका ज्येष्ठ सदस्यांनी खोडायला लावले. "ताई, तुम्हाला आम्ही निवडले आहे. तुम्हीच असे म्हणालात तर आमची निवड चुकली, असा अर्थ होईल," असे ते म्हणाले. मला ते मनापासून पटले. त्या जागी मी लिहिले, "हे काम एकटीने होणारे नाही, आणि मला काय येत नाही ते मी तुम्हाला विचारत राहीन."

वर्षाच्या संकल्पाच्या भागात सुरुवातीला सात उपक्रम होते. त्यांतला एकच ठेवणे सर्वांत अवघड गेले. मावळत्या अध्यक्षांनी दोन शाळांतील मुलींची हिमोग्लोबिन तपासणी केली होती, आणि तेच काम पुढे नेण्याचे मी ठरवले. बारा ते चौदा वर्षांच्या मुलींत हे प्रमाण १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर रक्तक्षय मानतात, पण एका तपासणीने उपचार लागू पडला की नाही हे कळत नाही. म्हणून मी म्हणाले, "कमी प्रमाण आढळलेल्या प्रत्येक मुलीची, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी होईल, आणि किती जणींचे प्रमाण वाढले ते मी याच सभेत सांगेन." खर्चाचा आकडा मात्र मी मुद्दाम सांगितला नाही, कारण अंदाजपत्रक संचालक मंडळाने मंजूर करायचे असते आणि मंजुरीआधी व्यासपीठावरून रक्कम जाहीर केली, तर मंडळाला नाही म्हणणे कठीण होते.

प्रत्यक्षात गळ्यात घातलेली अध्यक्षपदाची कॉलर माझ्या अंदाजापेक्षा जड निघाली. तिच्या पट्ट्यांवर आधीच्या अध्यक्षांची नावे कोरलेली होती, आणि माईकपाशी वाकताना त्या एकमेकींवर आपटून आवाज करू लागल्या, तेव्हा मी एका हाताने कॉलर धरून उरलेले भाषण वाचले. कार्यक्रम संपल्यावर तपासणी झालेल्या दोन शाळांपैकी एकीच्या मुख्याध्यापिका माझ्याकडे आल्या, पिशवीतून दिनदर्शिका काढली आणि दुसऱ्या तपासणीची तारीख विचारली.