साडेसहा ग्रॅम क्रूड, पावणेपाच ग्रॅम शुद्ध: अॅसिटॅनिलाइडचा हिशोब

एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला अॅसिटॅनिलाइडचं प्रिपरेशन होतं. अॅनिलीन 5 मिली, म्हणजे साधारण 5.1 ग्रॅम. त्यावरून थिऑरेटिकल यील्ड, म्हणजे जास्तीत जास्त मिळू शकणारा माल, येतो 7.4 ग्रॅम. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं क्रूड, म्हणजे अजून शुद्ध न केलेला माल, वॉच ग्लासवर 6.6 ग्रॅम भरलं आणि मी खुशीत होते. पाण्यातून रिक्रिस्टलाइज करून, म्हणजे उकळत्या पाण्यात विरघळवून थंड झाल्यावर परत स्फटिक काढून, वाळवून तोललं तर 4.7. पांढरेशुभ्र, चकचकीत पापुद्रे होते, मेल्टिंग पॉइंट 113 ते 114. पण जवळजवळ दोन ग्रॅम माल गायब.

शेजारच्या टेबलवरचा मित्र म्हणाला, "6.1 लिही ना, कोण बघतंय?" त्याच्या जर्नलमध्ये यील्ड 82 टक्के होते. मागच्या बॅचच्या जर्नलमध्येही 82च होते, हे मला नंतर कळलं. मी खोटं लिहिलं नाही, पण जे लिहिलं ते फारसं बरं नव्हतं: "हाताळताना काही पदार्थ वाया गेल्यामुळे व मानवी चुकांमुळे यील्ड कमी आले." मॅडमनी त्या ओळीखाली लाल रेघ ओढली आणि बाजूला एवढंच लिहिलं: "किती? कुठे?"

स्फटिक गाळून उरलेलं पाणी, म्हणजे मदर लिकर, सुदैवाने मी फेकलं नव्हतं. तिथूनच शोध सुरू केला.

अॅसिटॅनिलाइडचा 1 ग्रॅम विरघळायला उकळतं पाणी सुमारे 20 मिली लागतं, आणि साध्या तापमानाचं सुमारे 185 मिली. रिक्रिस्टलायझेशनचा सगळा खेळ या दोन आकड्यांमधल्या फरकावर चालतो. पण दुसरा आकडा शून्य नाही, आणि हे माझ्या डोक्यात कधी नीट शिरलंच नव्हतं. थंड झालेलं मदर लिकर हे अॅसिटॅनिलाइडचं संपृक्त द्रावण असतं. हात कितीही सफाईदार असला तरी तेवढा माल त्यात राहणारच. अशुद्धी मात्र थोडक्या असतात, त्यांनी पाणी संपृक्त होत नाही, म्हणून त्या पाण्यातच राहतात आणि स्फटिक स्वच्छ निघतात.

मग प्रश्न उरतो पाणी किती वापरलं याचा. 6.6 ग्रॅमला हिशोबाने 132 मिली उकळतं पाणी पुरलं असतं, गरम गाळणीसाठी थोडं जास्त धरून 150. मी मदर लिकर मेजरिंग सिलिंडरमध्ये ओतलं तर ते 240 मिली भरलं. म्हणजे त्यात 240 भागिले 185, जवळपास 1.3 ग्रॅम माल होता. 150 मिलीत केलं असतं तर 0.8 गेला असता. अर्धा ग्रॅम माझ्या घाबरटपणाची किंमत.

घाबरले का, तेही सांगते. उकळताना बीकरच्या तळाशी दोन गोष्टी दिसत होत्या: तेलासारखे थेंब आणि तपकिरी कण. थेंब होते अॅसिटॅनिलाइडचेच. पाणी कमी असेल तर सुमारे 83 अंशांच्या वर ते पाण्याखाली तेलासारखं वेगळं होतं, त्यासाठी पाणी वाढवणं बरोबरच होतं. पण थेंब नाहीसे झाल्यावरही कण तसेच होते, आणि ते विरघळावेत म्हणून मी ओततच राहिले. ते कधीच विरघळणार नव्हते. दहा मिली पाणी घालून उकळल्यावर तळाचा ऐवज कमी झाला नाही, तर ती कचऱ्याची खूण. तिथे पाणी थांबवायचं, चिमूटभर कोळसा घालायचा आणि गाळायचं.

आणखी एक गोष्ट आमच्या हवामानाची. प्रॅक्टिकल एप्रिलात, विदर्भात. नळाचं पाणी गार नसतंच. शिपाईकाकांनी समोरच्या रसवंतीतून बर्फ आणला, तो चार टेबलांत वाटला गेला. गाळायच्या वेळी माझ्या बीकरमधला थर्मामीटर 25 दाखवत होता. हा आकडा मी वहीच्या कोपऱ्यात टिपला होता म्हणून बरं, नाहीतर "बर्फात थंड केले" असं बिनधास्त लिहून गेले असते, कारण मॅन्युअलमध्ये तसंच आहे.

मदर लिकर वॉटर बाथवर आटवून 60 मिलीवर आणलं आणि रात्रभर ठेवलं. त्यातून स्फटिकांचं दुसरं पीक निघालं 0.8 ग्रॅम, किंचित पिवळट, मेल्टिंग पॉइंट 110 ते 112. हे पहिल्यात मिसळायचा मोह झाला होता. मिसळलं असतं तर यील्ड 74 टक्के झालं असतं आणि 113-114 हा मेल्टिंग पॉइंट मात्र खोटा ठरला असता, कारण तो फक्त पहिल्या 4.7 ग्रॅमचा होता. उरलेल्या 60 मिलीत हिशोबाने 0.3 ग्रॅम अजून होतंच. गरम गाळणीचा फनेल मी नीट तापवला नव्हता, त्याच्या दांड्यात आणि फिल्टर पेपरवर स्फटिक जमले होते. ते वाळवून खरवडले तर कोळशासकट 0.3 भरले.

4.7 अधिक 0.8 अधिक 0.3 अधिक 0.3, झाले 6.1. क्रूड होतं 6.6. अर्धा ग्रॅम अजूनही हिशोबाबाहेर.

त्यात काढून टाकलेली अशुद्धी असणार, धुताना गेलेलं थोडं असणार. पण मला संशय क्रूडच्याच आकड्यावर होता. ते मी रात्रभर उघड्यावर वाळवून एकदाच तोललं होतं. परत तोलून वजन स्थिर झालंय का, हे पाहिलंच नव्हतं. म्हणजे माझ्या 6.6 मध्ये पाणीही असू शकत होतं, आणि ते पाणी मी वाया गेलेल्या मालात धरत होते.

नवीन लिहिलेला मजकूर असा होता:

"शुद्ध पदार्थ 4.7 ग्रॅम; थिऑरेटिकलच्या 64 टक्के, क्रूडच्या वजनाच्या 71 टक्के. दुसरे पीक 0.8 ग्रॅम वेगळे ठेवले आहे, यील्डमध्ये धरलेले नाही. मदर लिकर 240 मिली, गाळताना तापमान 25 अंश. विद्राव्यतेवरून त्यात सुमारे 1.3 ग्रॅम पदार्थ असावा असा हिशोब, पैकी 0.8 प्रत्यक्ष परत मिळाला. पाणी गरजेपेक्षा सुमारे 90 मिली जास्त वापरले गेले. फिल्टर पेपर व फनेलवर 0.3 ग्रॅम, कोळशासह. सुमारे 0.5 ग्रॅमचा हिशोब लागत नाही. क्रूडचे वजन एकदाच घेतले. ते पूर्ण कोरडे होते याची खात्री नाही."

लिहिताना मी एक पथ्य पाळलं: जे तोललं ते "मिळाला", जे आकडेमोडीने काढलं ते "असावा असा हिशोब", आणि जे ठाऊक नाही ते तसंच. "मानवी चूक" हा शब्द गेला, कारण चूक काय ते आता सांगता येत होतं.

मॅडमनी सही केली, पण शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "खात्री करता येते की गं." पुढच्या आठवड्यात मैत्रिणीचं क्रूड तसंच रात्रभर वाळवलेलं होतं, 6.9 ग्रॅम. तिला विचारून ते 80 अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवलं. 6.4 झालं. आणखी एक तास ठेवलं, तरी 6.4च. तिच्या क्रूडवरून माझ्यात नेमकं किती पाणी होतं ते काढता येत नाही, म्हणून जुना आकडा खोडला नाही. त्याखाली तारीख घालून ही दोन वजनं लिहिली.