पेंडिंग म्हणजे कोणतं पेंडिंग?

जून २०२४. मृगाचा पाऊस पडून गेला होता आणि पेरणीची घाई सुरू झाली होती. मी दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत कॉम्प्युटरचं काम बघते. कंपनी सभासदांकडून सोयाबीन, तूर, कपाशीचं बियाणं आणि खतं यांचं बुकिंग घेते. माल आमच्या गोडाऊनमध्ये येतो आणि तिथून पिकअपने चार गावांच्या केंद्रांवर जातो.

दुपारी साडेतीनला व्यवस्थापक साहेबांचा फोन आला. ते मीटिंगसाठी नागपूरला निघाले होते. "पेंडिंग ऑर्डर आज रात्री प्रोसेस करून टाक. सकाळी पाचला दोन्ही पिकअप निघाले पाहिजेत." एवढंच बोलून रेंज गेली.

रात्री करायचं कारण साधं होतं. दिवसा काउंटरवर गर्दी असते आणि लाइनचा भरवसा नसतो. माझी गावाकडची शेवटची एसटी सहाला. म्हणून आदल्याच आठवड्यात मी एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवला होता. तो रात्री अकराला आपोआप सुरू होणार, एकेक ऑर्डर घेणार, बिल करणार, साठ्यातून माल वजा करणार, पिकअपच्या लोडिंग यादीत ऑर्डर टाकणार आणि शेतकऱ्याला 'तुमचा माल उद्या केंद्रावर येईल' असा एसएमएस पाठवणार. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर सकाळपर्यंत चालतो. त्या वेळी ऑफिसात मात्र कोणी नसतं. प्रोग्रामला शंका आली, तर विचारायला माणूस नाही.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑर्डरची स्थिती दाखवणारा एक रकाना आहे आणि त्यात PENDING हा शब्द आहे. साहेबांचा शब्द आणि रकान्यातला शब्द एकच, त्यामुळे हात थेट तिकडेच जात होता. आधी फक्त मोजून पाहिलं. ४१२ ऑर्डर निघाल्या. दोन पिकअपमध्ये ४१२ शेतकऱ्यांचा माल बसत नाही, हे गोडाऊनमध्ये एक दिवस काढलेल्या कोणालाही कळेल. मग त्याच ऑर्डरी हंगाम आणि पैशांची स्थिती यांप्रमाणे फोडून पाहिल्या.

```sql
SELECT season, pay_status, COUNT(*)
FROM orders
WHERE status = 'PENDING'
GROUP BY season, pay_status;
```

१४७ ऑर्डर मागच्या हंगामांच्या होत्या. कोणी बुकिंग करून आलंच नव्हतं, कोणी माल काउंटरवरून परस्पर नेला होता आणि जुनी ऑर्डर कोणी बंद केली नव्हती. नवी ऑर्डर टाकली की सॉफ्टवेअर आपणहून PENDING लिहितं आणि कोणी हात लावेपर्यंत ते तसंच राहतं. या खरिपाच्या २६५ होत्या. त्यांपैकी १२१ जणांनी नुसतं नाव नोंदवलं होतं, ४२ जणांनी थोडा अ‍ॅडव्हान्स दिला होता, १९ जणांचं यूपीआय पेमेंट अडकलेलं होतं आणि ८३ जणांचे पूर्ण पैसे जमा होते.

म्हणजे एका शब्दाखाली पाच वेगळ्या गोष्टी बसल्या होत्या. साहेबांचा फोन लागत नव्हता. मी आधी कॅशवरच्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पेंडिंग म्हणजे ज्यांचे पैसे यायचे आहेत ते. अजून काय?" मग गोडाऊनवाल्या काकांकडे गेले. ते म्हणाले, "पोरी, ज्याचा माल आपल्याजवळ पडून हाये, तो पेंडिंग. पैशाचं मले काय मालूम?" दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. ताईंच्या अर्थाने गेले असते, तर ज्यांनी पैसेच दिले नाहीत नेमक्या त्यांचीच बिलं झाली असती.

पाचच्या सुमारास साहेबांचा फोन लागला. यावेळी मी 'पेंडिंग म्हणजे काय' असं विचारलं नाही. तसं विचारलं की माणूस तोच शब्द परत सांगतो. मी एकेक गट पुढे ठेवला. अ‍ॅडव्हान्स दिलेल्यांचा माल पाठवायचा का? "नाही, पूर्ण पैसे आल्याशिवाय नाही." मागच्या हंगामाच्या? "त्यांना हात लावू नको, मी बघतो." यूपीआय अडकलेल्यांचं? इथे ते थोडं थांबले.

या १९ ऑर्डरी सगळ्यात नाजूक होत्या. शेतकऱ्याच्या खात्यातून पैसे गेलेले असतात, पण आमच्याकडे आल्याची खात्री नसते. अशा व्यवहारात दुकानदाराकडे खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत करायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आज बिल करून माल दिला आणि परवा पैसे शेतकऱ्याच्या खात्यात परत गेले, तर वसुलीसाठी त्याच्या दारात जावं लागतं. आज ऑर्डर रद्द केली आणि रात्री पैसे आमच्याकडे जमा झाले, तर पैसे देऊनही ऐन पेरणीत तो माणूस बियाण्याविना बसतो. "तशाच राहू दे," साहेब म्हणाले, "सकाळी ताई बँकेचं स्टेटमेंट बघून सांगतील."

राहिल्या ८३. त्यांपैकी २२ ऑर्डरींमध्ये युरिया किंवा डीएपी होतं. अनुदानित खत पॉस मशीनवर शेतकऱ्याची ओळख पडताळणी झाल्याशिवाय विकता येत नाही. शेतकरी समोर हवा. रात्री अकराला प्रोग्रामने ते बिल फाडलं, तर कॉम्प्युटरमध्ये खत विकलेलं आणि पॉसमध्ये न विकलेलं, असा फरक पडतो आणि तपासणीत त्याचं उत्तर द्यावं लागतं. साहेबांच्या मनात 'पेंडिंग' म्हणताना खत आलंही नसेल, कारण ते पिकअपच्या बियाण्याचा विचार करत होते. पण ऑर्डर एकच असते आणि तिच्यात दोन्ही माल असतात. त्या २२ बाजूला काढल्या.

उरलेल्या ६१ ऑर्डरींची यादी छापून मी परत काकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून बोटाने नावं वाचायला घेतली आणि चौथ्याच ओळीवर थांबले. "हा तं माल घेऊन गेला ना बाप्पा! परवा लाइन नव्हती, तवा मी चिठ्ठीवर देल्ला." अशी एकूण नऊ नावं निघाली. पैसे पूर्ण, माल नेलेला, बिल झालेलं नाही. कॉम्प्युटरला हे कळायला मार्ग नव्हता, कारण चिठ्ठ्या काकांच्या गल्ल्यात, टाचणीला टोचलेल्या.

इथे माझ्या लक्षात आलं की 'पेंडिंग'सारखाच 'प्रोसेस' हा शब्दही फोडायला हवा. या नऊ जणांना बिल हवं होतं, पण माल पुन्हा पाठवायचा नव्हता. आणि बिलसुद्धा प्रोग्रामने करून चालणार नव्हतं. बियाण्याच्या बिलावर लॉट नंबर लागतो. आमचा प्रोग्राम सगळ्यात जुना शिल्लक लॉट उचलतो. काकांनी मात्र हाताला आली ती थप्पी दिलेली. उद्या बियाणं उगवलं नाही, तर शेतकरी बिल आणि पिशवीचं लेबल घेऊन तक्रार करतो. बिलावर एक लॉट आणि लेबलवर दुसरा असेल, तर त्याची तक्रार तिथेच लंगडी पडते. सुदैवाने काकांनी चिठ्ठीवर लॉट लिहिलेले होते. ते वाचत गेले आणि मी चिठ्ठी क्रमांक त्या नऊ ऑर्डरींवर चढवले.

बाकी ५२ मधल्या पाच ऑर्डरी ज्या वाणाच्या होत्या, ते वाण संपलेलं होतं. आमचं सॉफ्टवेअर साठा उणे होऊ देतं. बिल झालं असतं, एसएमएस गेला असता आणि पिकअपमध्ये पिशवी नसती. त्याही काढल्या. शेवटी ४७ उरल्या.

मी साहेबांना व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या मराठीत लिहिलं: 'आज रात्री फक्त या खरिपाच्या, पूर्ण पैसे जमा असलेल्या, खत नसलेल्या, चिठ्ठीवर माल न गेलेल्या आणि गोडाऊनमध्ये माल असलेल्या ऑर्डरी. एकूण ४७. बाकी ३६५ ना हात लावणार नाही.' खाली ४७ नावांची यादी जोडली. त्यांनी वाचून 'बरोबर, कर' असं उत्तर दिलं. तोवर साडेपाच झाले होते.

प्रोग्राममध्ये त्या वीस मिनिटांत जेवढं जमलं तेवढं बदललं. रात्री त्याने स्वतः पेंडिंग शोधायचं नाही, असं ठरवलं. ४७ ऑर्डर क्रमांक एका वेगळ्या टेबलमध्ये टाकले आणि त्याने फक्त तेवढेच उचलायचे. आमचे केंद्रचालक रात्री दहापर्यंत मोबाइलवरून नव्या ऑर्डरी टाकतात, त्या आत शिरायला नकोत. पण यादी साडेपाचची आणि काम अकराचं, मध्ये साडेपाच तास. म्हणून बिल करण्याआधी प्रत्येक ऑर्डर परत तपासायची.

```sql
SELECT o.id
FROM run_list r JOIN orders o ON o.id = r.order_id
WHERE o.status = 'PENDING'
  AND o.season = 'KH24'
  AND o.pay_status = 'PAID'
  AND o.needs_pos = 0
  AND o.chit_no IS NULL;
```

अटीत न बसणारी ऑर्डर सोडून द्यायची आणि तिचा क्रमांक लिहून ठेवायचा. साठा कमी पडला तरी तेच. एका ऑर्डरचं बिल, साठा आणि स्थिती हे तिन्ही बदल एकत्र पक्के व्हायचे, म्हणजे मध्येच कॉम्प्युटर बंद पडला आणि परत सुरू झाला, तर झालेली ऑर्डर दुसऱ्यांदा होणार नाही. एसएमएस मात्र सगळ्यात शेवटी, सकाळी मी यादी पाहिल्यावर, 'उद्या'च्या जागी 'आज' करून. बिल रद्द करता येतं, गेलेला एसएमएस परत घेता येत नाही. तो वाचून शेतकरी रोजंदार सांगून ठेवतो, बैलजोडी ठरवतो.

पहिला प्रयोग मी तिथेच केला, काहीही न बदलता फक्त 'काय केलं असतं' एवढं लिहायला लावून. ४७ ओळी आल्या. त्यांतल्या सहा कागदाशी ताडून पाहिल्या आणि एसटी पकडली.

सकाळी काकांचाच फोन आला, पावणेपाचला. लोडिंग यादीत ४६ नावं होती. एक कुठे गेलं म्हणून त्यांना काळजी. सोडलेल्या ऑर्डरींची नोंद त्याच कागदाच्या तळाशी छापलेली होती. त्या शेतकऱ्याने रात्री आठला केंद्रचालकाला फोन करून ऑर्डर रद्द केली होती. पिकअप पाच वाजून दहा मिनिटांनी निघाले. ऑफिसात पोचल्यावर मी यादी पाहून एसएमएस सोडले.

त्या आठवड्यात सॉफ्टवेअरवाल्याकडून PENDING हा शब्द काढून घेतला. आता ऑर्डर टाकताच 'पैसे बाकी' अशी नोंद होते आणि पुढे 'बँकेची खात्री बाकी', 'बिल बाकी', 'माल द्यायचा बाकी', 'पॉस बाकी' असं चालतं. काकांना वाचायला सोपं जातं. ताईंनी आठवडाभर कुरकुर केली, कारण आता स्थिती निवडावी लागते.

चिठ्ठीवाल्या नऊ जणांची बिलं मी त्याच दिवशी हाताने केली, लॉट चिठ्ठीवरून घेऊन. जुलैच्या सुरुवातीला त्यांच्यापैकी एक जण ऑफिसात आले. तीन एकरांत सोयाबीन विरळ उगवलं होतं. तालुक्याच्या समितीकडे तक्रार दिली होती आणि पाहणी ठरली होती. त्यांनी पिशवीचं लेबल टेबलावर ठेवलं, मी बिलाची प्रत काढून दिली. दोन्हीवरचा लॉट नंबर त्यांनी बोट ठेवून एकेक आकडा वाचत जुळवला, मग दोन्ही कागद घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवले आणि पाहणीला गेले.