आठ पानांची फाईल 189 एमबीची

वकिलाच्या ऑफिसात स्कॅनिंग, पेजिनेशन, ई-फायलिंग सगळं माझ्या गळ्यात. घटस्फोटाच्या एका मॅटरमध्ये 640 पानांचं पेपरबुक होतं, 190 एमबी, सगळं स्कॅन केलेलं. समोरच्या वकिलाला त्यातलं फक्त एक एक्झिबिट मेल करायचं होतं, छापील पानं 401 ते 408. इथे नवीन माणूस हमखास फसतो, कारण पुढे इंडेक्स-सिनॉप्सिसची ए ते के अशी 11 पानं असतात, म्हणजे पीडीएफमधली पानं 412 ते 419.

ज्युनियर मॅडमनी कुठल्यातरी फुकट सॉफ्टवेअरमधून ती बरोबर काढली, उघडली तर आठच पानं, पण मेलला जोडेना. साइज बघितली तर 189 एमबी! मॅडम म्हणाल्या, "दादा, कॉम्प्रेस करून द्या ना." आमच्याकडे कशालाही औषध एकच, कॉम्प्रेस. पण पानामागे सरासरी 0.3 एमबी धरली तरी आठ पानं अडीच एमबीच्या आसपास हवीत, मग बाकीचं वजन कशाचं?

म्हणून फाईलच्या पोटातल्या सगळ्या इमेजेस बाहेर काढणारी ही कमांड तिच्यावर चालवली:

```
mutool extract aath.pdf
```

फोल्डरमध्ये धडाधड 640 फोटो पडले. पक्षकार बाईंची बँक स्टेटमेंट्स, डॉक्टरांचे कागद, सगळं.

झालं असं की स्कॅन जोडणाऱ्या प्रोग्रामने सगळ्या पानांच्या इमेजेसची एकच सामायिक यादी केली होती आणि प्रत्येक पान त्याच यादीकडे बोट दाखवत होतं. पान काढणारं सॉफ्टवेअर पानासोबत त्याची यादी उचलतं, आणि यादीत नाव आहे म्हणून बाकीच्या 632 इमेजेसही मागोमाग येतात. स्क्रीनवर दिसत नाहीत, फाईलमध्ये मात्र असतात. कॉम्प्रेस केलं असतं तर कदाचित मेलला जोडली गेली असती आणि तेच जास्त वाईट.

मग मूळ फाईलवरून परत काढली:

```
qpdf --empty --remove-unreferenced-resources=yes \
  --pages mool.pdf 412-419 -- out.pdf
```

यात qpdf पानावर खरंच काय काढलंय ते वाचतो आणि न वापरलेल्या इमेजेस यादीतून उडवतो. --empty मुळे मूळ फाईलचे बुकमार्क, मेटाडेटाही येत नाहीत. आता अडीच एमबी, आणि extract केल्यावर मोजून आठ फोटो. (स्कॅनवर नुसती पांढरी पट्टी लावून नंबर झाकला असेल तर मात्र हे काही कामाचं नाही, खालची इमेज अख्खीच असते.)

सरांना दाखवलं तर म्हणाले, "उघडल्यावर दिसत नाही ना? मग झालं तर." पण त्याच सॉफ्टवेअरने काढलेल्या फाईली याआधीही ऑफिसातून बाहेर गेल्यात. ज्या लहान होत्या त्यांची साइज कोणी बघितलीच नसणार. सेंट मेलमधून एकेक उतरवून तपासतोय, सरांना अजून बोललो नाहीये.