चौकशीत शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्यानं कुठवर जायचं?

"आमच्या बँकेच्या शाखेतल्या एकाला आरोपपत्र मिळालंय. सोमवारी चौकशीची पहिली तारीख आहे आणि युनियनतर्फे मला बरोबर जायला सांगितलंय. तिथं मी त्याच्या वतीनं बोलायचं, की नुसतं शेजारी बसायचं? किती मदत केलेली चालते?"

बोलायचं, पण त्याच्या वतीनं नाही. गोंधळ होतो तो इथंच. काय घडलं हे सांगायचा हक्क आणि जबाबदारी त्याची. ते घडलं असं म्हणणाऱ्याला प्रश्न विचारणं, कागद मागणं, नोंद बरोबर होते की नाही हे पाहणं आणि शेवटी युक्तिवाद लिहून देणं हे तुमचं काम.

तुम्ही तिथं बसता ते कुणाच्या मेहेरबानीवर नाही आणि घटनेतल्या एखाद्या मूलभूत हक्कावरही नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९६० सालीच कालिंदी विरुद्ध टाटा लोकोमोटिव्ह या प्रकरणात सांगून टाकलंय की नियमांत तरतूद नसेल तर खातेनिहाय चौकशीत प्रतिनिधी मिळालाच पाहिजे असा हक्क नाही. बँकेतल्या कर्मचाऱ्यांसाठी ती तरतूद बँका आणि युनियन यांच्यातल्या १० एप्रिल २००२ च्या द्विपक्षीय करारात आहे. सभासद ज्या नोंदणीकृत युनियनचा आहे तिचा प्रतिनिधी त्याचा बचाव करू शकतो. वकील हवा असेल तर बँकेची परवानगी लागते. म्हणून पहिल्या तारखेला सभासदाच्या सहीचं पत्र घेऊनच जा: 'अमुक यांना बचाव प्रतिनिधी म्हणून नेमत आहे.' ते पत्र नोंदीत लागेपर्यंत तुम्ही तिथं पाहुणेच.

बाकीचं एका प्रकरणावरून सांगतो. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली शाखा. तिथल्या शिपायाला सगळे मामा म्हणायचे. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली, मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेले, कन्नड बोलतात पण वाचता येत नाही, इंग्रजीचा प्रश्नच नाही. एका खातेदार बाईंनी वीस हजार रुपये भरायला आणले. रांग मोठी होती, मामांनी स्लिप भरून दिली, पैसे घेतले आणि बाईंना शिक्का मारलेला अर्धा भाग दिला. पैसे खात्यात जमा झालेच नाहीत. आठवड्यानं बाई पासबुक घेऊन आल्या तेव्हा बोभाटा झाला. दुसऱ्या दिवशी मामांनी घरातून आणून वीस हजार भरले आणि मॅनेजरनं समोर ठेवलेल्या कागदावर सही केली. मग आरोपपत्र आलं: ग्राहकाच्या रकमेचा अपहार.

आमच्या गटात त्या दिवशी दोन मतं होती. एक म्हणे, मामांना काही विचारूच नका, विचारलं की आपण अडकतो. मला हे पटत नाही. मामांना घरी गाठलं, दार लावून घेतलं आणि विचारलं, "मामा, पैसे हातात घेतलात का?" ते म्हणाले, "घेतलो की. कॅशियर च्या प्यायला गेल्ता. पैसे आणि स्लिप त्याच्या टेबलावर ठेवलो आणि गेटवर गेलो. मागनं काय झालं मला ठाव न्हाई."

हे ऐकल्यावर एक रस्ता बंद झाला. 'मामांनी पैशाला हातच लावला नाही' असा बचाव मी घेऊ शकत नव्हतो, आणि 'बाई खोटं बोलतात' असा प्रश्नही त्या बाईंना विचारू शकत नव्हतो. पण उरलेला रस्ता बराच रुंद होता. रोकड स्वीकारणं शिपायाचं काम नाही, तो नियमभंग मामांनी केला. अपहार म्हणजे पैसे स्वतःकडे ठेवणं, आणि ते सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. ज्याला मदत करताय त्याच्याकडून खरं ऐकून घेतलं की कुठला बचाव टिकेल हे कळतं. खोटा बचाव उलटतपासणीत पहिल्या अर्ध्या तासात कोसळतो आणि मग खरं असलेलंही कुणी ऐकत नाही.

सभासदानं सांगितलेलं मात्र बाहेर जाता कामा नये. युनियनच्या अध्यक्षांनाही 'मामांनी घेतलंय म्हणे' एवढंसुद्धा सांगायचं नाही. बेळगावात ते संध्याकाळपर्यंत टिळकवाडीहून शहापूरला पोहोचतं. आणि अडचण आणखी एक होती: तो कॅशियरही आमचाच सभासद. एकाच प्रतिनिधीनं दोघांची बाजू धरणं शक्य नव्हतं. मी कॅशियरला सरळ सांगितलं की तुला साक्षीला बोलावलं तर मी प्रश्न विचारणार, तू दुसरा माणूस बघ. तो रुसला, ते रुसणं परवडलं.

आता कागद. पहिल्या तारखेला आरोप वाचले जातात, मान्य की अमान्य विचारलं जातं. त्याच दिवशी कागदांची मागणी लेखी द्यायची. मी चार गोष्टी मागितल्या: त्या दिवसाचं कॅश स्क्रोल, कामवाटपाचं रजिस्टर (रोकडीचा शिक्का कुणाच्या ताब्यात होता हे त्यात असतं), बाईंची मूळ तक्रार आणि काउंटरवरच्या कॅमेऱ्याचं फुटेज. फुटेज ठराविक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, त्यामुळं खरं तर आरोपपत्र यायच्या आधीच ते मागायला हवं. आम्हाला 'उपलब्ध नाही' असं लेखी उत्तर मिळालं. तेही उपयोगी पडलं. तक्रार आठवड्यानंच आली असतानाही ते जपून का ठेवलं नाही, हा प्रश्न मॅनेजरला विचारता आला.

सगळ्यात जड कागद होता तो सही केलेला माफीनामा. इंग्रजीत टाईप केलेला, खाली मामांची मराठी सही. तो फेटाळून लावायला 'जबरदस्तीनं घेतला' असं म्हणायचा मोह होतो. पण मामांवर कुणी हात उगारला नव्हता की धमकी दिली नव्हती. मग मॅनेजरच्या उलटतपासणीत एवढंच विचारलं: मजकूर कुणी लिहिला? मामांना इंग्रजी वाचता येतं का? सहीआधी वाचून दाखवला का, कुठल्या भाषेत? वाचून दाखवल्याची कुठं नोंद आहे का? उत्तरं अशी आली: मी लिहिला, येत नाही, तोंडी समजावलं, नाही. यापुढं मी एकही प्रश्न विचारला नाही. पाचवा प्रश्न विचारला की साक्षीदाराला स्पष्टीकरण द्यायची संधी मिळते.

आपल्या भागात नोंदीची गोष्ट वेगळी सांगावी लागते. चौकशी अधिकारी धारवाडचे, घरी कन्नड. बोलणं तिन्ही भाषांत मिसळून चाललेलं आणि टायपिंग इंग्रजीत. मामा जबाबात म्हणाले, पैसे कॅशियरच्या टेबलावर ठेवले आणि गेटवर गेलो. अधिकाऱ्यांनी टायपिस्टला सांगितलं, 'पैसे घेऊन निघून गेलो.' त्यांच्या मनात खोट नव्हती, लांबलेलं वाक्य आटोपशीर करायची सवय. पण टेबलच गायब झालं, आणि आमचा सगळा बचाव त्या टेबलावर उभा होता. मी उभा राहून विनंती केली, "सर, साक्षीतलं वाक्य जसंच्या तसं घ्यावं." घेतलं. घेतलं नसतं तर 'प्रतिनिधीची हरकत' म्हणून तेवढीच ओळ नोंदवायला सांगितली असती. वाद घालायची गरज नसते. हरकत कागदावर आली की पुढं अपिलात ती बोलते.

या प्रसंगी दुभाषा तुम्ही स्वतः होऊ नका. भाषांतर तुमचं झालं की पुढं कुणीही म्हणू शकतं की प्रतिनिधीनं शब्द फिरवले. तिथला तिसराच कर्मचारी मागा. रोजच्या कार्यवाहीवर सही करण्याआधी ती मराठीत वाचून दाखवायला लावा आणि खाली 'मराठीत वाचून दाखवली, समजली' ही ओळ घाला. कारखान्यांसाठीच्या केंद्राच्या नमुना स्थायी आदेशांत नोंदीची भाषा हिंदी, इंग्रजी किंवा राज्याची भाषा यांतून कामगारानं निवडायची असते. म्हणजे बेळगावच्या मराठी कामगाराची भाषा त्या यादीतच नाही. हे खटकतं, खटकायलाच हवं. तरीही सीमाप्रश्न त्या खोलीत नेऊ नका. तिथं प्रश्न मामांच्या नोकरीचा आहे आणि समोरचा अधिकारी ऐकायच्या मनःस्थितीत राहणं त्यांच्या फायद्याचं आहे.

मामा जबाब देत असताना मी पूर्ण गप्प होतो. कानात सांगणं, चिठ्ठी सरकवणं, टेबलाखालून पाय मारणं, यातलं काहीही दिसलं की जबाबाची किंमत जाते. एकदा त्यांचा आवाज बसला, हात थरथरायला लागले. तेव्हा मी दहा मिनिटं मागितली, पाणी दिलं, आणि त्या दहा मिनिटांत केसबद्दल अवाक्षर बोललो नाही.

एक नेहमीचा फसवा भरवसा: 'साक्षीदार नुसतं ऐकलेलं सांगतोय, ते चालणार नाही.' खातेनिहाय चौकशीत ते चालतं. हरियाणा राज्य विरुद्ध रतन सिंग या १९७७ च्या निकालात एका बस वाहकाबद्दल न्यायालयानं म्हटलं की पुरावा कायद्याचे काटेकोर नियम इथं लागू नाहीत. सारासार बुद्धीला पटेल असा काही पुरावा असला की पुरे. त्यामुळं सभासदाला 'तू सुटणारच' असं कधीही सांगू नका. मी मामांना सांगितलं होतं की नियमभंग सिद्ध होईल, आपण नोकरी वाचवतोय.

अहवालात तसंच आलं: रोकड अनधिकृतपणे स्वीकारली हे सिद्ध, अपहार सिद्ध नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या करुणाकर निकालामुळं शिक्षा ठरवण्याआधी अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला द्यावीच लागते, आणि त्यावर आम्ही दोन पानी म्हणणं दिलं. एक वेतनवाढ थांबली. आमच्या काही मंडळींना अपील हवं होतं, शिक्का ज्याच्या ताब्यात होता त्याला हात लागला नाही म्हणून. मुद्दा बिनतोड होता. पण मामांना आता तारखा नको होत्या. अपील त्यांचं, निर्णय त्यांचा. आम्ही केलं नाही.

तुमची तारीख सोमवारची आहे. नेमणुकीचं पत्र आणि कागदांची मागणी आजच लिहा. मागणीत कॅमेऱ्याचं फुटेज जपून ठेवण्याची विनंती पहिल्या क्रमांकावर घ्या, शनिवारच्या आत शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.