पुढचा शुक्रवार नेमका कुठला?

"मी पोचले गं. तू कुठेयस?"

संध्याकाळी सहाला मैत्रिणीचा फोन आला, तेव्हा मी घरीच होते. बुधवारी, १२ तारखेला आमचं ठरलं होतं, "पुढच्या शुक्रवारी भेटू." तिने १४ धरली, मी २१.

मी म्हटलं, "अगं, १४ म्हणजे या शुक्रवारी ना?" ती म्हणाली, "पुढचा म्हणजे जो पुढे येतोय तो!"

तिचं चुकलं असं मला म्हणताच येईना. ती आजपासून पुढे मोजत होती, मी चालू आठवडा सोडून. सोमवारी, १७ला भेटायचं असतं तर घोळ झालाच नसता, कारण बुधवारी बोलताना येणारा सोमवार दोन्ही हिशोबांनी पुढचाच. शुक्रवार मात्र याच आठवड्यात शिल्लक होता.

हिंदीतला 'कल' कालचाही असतो आणि उद्याचाही. आपल्याकडे त्याला दोन वेगळे शब्द आहेत, पण 'परवा' आपणही दोन्हीकडे वापरतो. 'परवा गेले', 'परवा जाईन' यात क्रियापद सांभाळून घेतं. नुसतं 'परवाचं काय?' असं लिहिलं की तो आधारही जातो. 'पुढच्या शुक्रवारी'ला तर क्रियापदही वाचवत नाही, दोन्ही तारखा भविष्यातल्याच.

ती अर्धा तास एकटी उभी होती, याचं फार वाईट वाटतंय. आता "शुक्रवारी, २१ला" असंच लिहिणार.

बुधवारी कुणी 'पुढच्या शुक्रवारी' म्हटलं, तर तुम्ही कुठली तारीख धरता?